एक ड्राइव्ह, सहा मोटरी: प्रत्येकीवर नजर कोणाची?

डाळिंबाच्या एका पॅकहाऊसमध्ये पाचव्या पट्ट्याची मोटर चार महिन्यांत तिसऱ्यांदा जळली, तेव्हा मला बोलावणं आलं. सहा पट्टे एकापुढे एक, प्रत्येकाला १ एचपीची गिअरवाली मोटर आणि सगळ्यांना वेग देणारा एकच व्हीएफडी ड्राइव्ह. मालकांचा प्रश्न रास्त होता. ‘‘ड्राइव्हमध्ये ओव्हरलोड असतो म्हणून सांगितलं होतं. मग मोटर जळेपर्यंत तो गप्प कसा बसला?’’

ड्राइव्ह बिघडलेला नव्हता. पाचव्या मोटरीचं काय चाललंय, हे त्याला दिसण्याची सोयच त्या पॅनेलमध्ये नव्हती. गूळ कारखान्याचे पट्टे असोत, कांद्याचं ग्रेडिंग असो किंवा पॅकिंगची लाइन, एका ड्राइव्हवर अनेक छोट्या मोटरी चालवायचा विचार असेल तर या एका लाइनचा हिशेब नीट पाहून घ्या. तुमच्या आकड्यांना तोच बसवता येईल.

आधी ड्राइव्ह किती मोठा घ्यायचा ते पाहू, कारण पहिली चूक तिथेच होते. १ एचपी म्हणजे ०.७५ किलोवॅट. सहा मोटरींचे झाले ४.५ किलोवॅट. पण ड्राइव्ह किलोवॅट पाहून नव्हे, अँपिअर पाहून निवडायचा असतो. छोट्या मोटरींचा पॉवर फॅक्टर कमी असतो, त्यामुळे दर किलोवॅटमागे त्या मोठ्या मोटरीपेक्षा जास्त करंट ओढतात. या मोटरींच्या नेमप्लेटवर ४१५ व्होल्टला १.८ अँपिअर लिहिलं होतं. सहा गुणिले १.८ म्हणजे १०.८ अँपिअर. साधारण ५.५ किलोवॅटची एकच मोटर जेवढा करंट घेते, जवळपास तेवढा या साडेचार किलोवॅटच्या सहा जणी मिळून घेतात. त्यावर केबलसाठी दहा टक्के धरले की आकडा १२ अँपिअरच्या आसपास येतो. म्हणून इथे १२ ते १३ अँपिअर कायम देणारा, पट्ट्यासारख्या जड कामाच्या रेटिंगचा ५.५ किलोवॅटचा ड्राइव्ह योग्य. ‘साडेचारच तर आहेत’ म्हणून ४ किलोवॅटचा ड्राइव्ह बसवला, तर भरलेल्या पट्ट्यांवर लाइन सुरू करतानाच तो हात टेकतो.

सहाही मोटरी एकाच व्होल्टेजच्या आणि एकाच फ्रिक्वेन्सीच्या साध्या इंडक्शन मोटरी हव्यात. परमनंट मॅग्नेट मोटरी अशा एकत्र जोडता येत नाहीत. शिवाय ड्राइव्ह सगळ्यांना फ्रिक्वेन्सी सारखी देतो, वेग अगदी सारखा देत नाही. ज्या मोटरीवर भार जास्त, ती स्लिपमुळे दोन-चार टक्के मागे राहते. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर फळं सोडायची असतील तर याने काही बिघडत नाही. पण दोन मोटरी मिळून एकच पट्टा ओढत असतील, तर भार दोघींत सारखा वाटला जाईल असं धरून चालू नका.

आता पाचव्या मोटरीकडे येऊ. ड्राइव्हमधला ओव्हरलोड म्हणजे एक हिशेब असतो. बाहेर जाणारा एकूण करंट किती आणि किती वेळ, यावरून तो मोटर किती तापली असेल याचा अंदाज बांधतो. एका ड्राइव्हला एक मोटर असेल तर हा अंदाज चांगला लागतो. सहा असतील तर त्याला फक्त बेरीज दिसते. त्या दिवशी पट्ट्यांवर रोजचाच माल होता. टाँग टेस्टरने एकेक मोटर मोजली, तर बाकीच्या पाच मोटरी प्रत्येकी सुमारे १.२ अँपिअर घेत होत्या आणि पाचवी ३ अँपिअर. तिच्या पट्ट्याच्या शेवटच्या ड्रमचं बेअरिंग चिकटत चाललं होतं. बेरीज झाली ९ अँपिअर. ड्राइव्हमध्ये मर्यादा भरलेली होती १०.८. म्हणजे ड्राइव्हच्या हिशेबाने सगळं आलबेल, आणि पाचवी मोटर मात्र आपल्या नेमप्लेटच्या जवळजवळ पावणेदोनपट करंटवर तासन्‌तास चाललेली. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, तेव्हा ती जवळजवळ पावणेतीनपट झाली होती. मोटर भरून देणारा कारागीर दर वेळी ‘ड्राइव्हवर चालते म्हणून जळते’ म्हणायचा. त्याच्याकडे प्रत्येक वेळी तिन्ही फेज सारख्या काळ्या पडलेलं वाइंडिंग येत होतं, आणि ती खूण ओव्हरलोडची असते. एकाच जागी फुटलेलं इन्सुलेशन वेगळं दिसतं. त्याच्याकडे पुढे येऊ.

म्हणून प्रत्येक मोटरीला स्वतःचं संरक्षण हवं. ते दोन प्रकारे देता येतं. पहिला प्रकार साध्या थर्मल ओव्हरलोड रिलेचा. पण तो स्वतः वीज तोडत नाही, फक्त त्याचा संपर्क उघडतो, आणि पुढचं काम ड्राइव्हने किंवा कॉन्टॅक्टरने करायचं असतं. दुसरा प्रकार एमपीसीबी, म्हणजे मोटरीचा स्वतंत्र ब्रेकर. त्यात थर्मल रिले असतो, शॉर्टसर्किटवर तोडणारा भाग असतो, आणि हाताने बंद करून ती मोटर वेगळी करायची सोयही असते. छोट्या मोटरींसाठी मी एमपीसीबीच पसंत करतो. १.८ अँपिअरच्या मोटरीला १.६ ते २.५ अँपिअरच्या डायलचा एमपीसीबी घ्या आणि डायल १.८ वर ठेवा. ‘उगाच ट्रिप होतो’ म्हणून कोणी तो २.५ वर सरकवला असेल, तर ती मोटर पुन्हा राखणीशिवाय उरली असं समजा.

ड्राइव्हच्या पुढे लावायचं उपकरण तापणाऱ्या पट्टीवर, म्हणजे बायमेटलवर चालणारं असावं. पट्टी खऱ्या उष्णतेने वाकते, त्यामुळे २० हर्ट्झ असो की ५०, तिचा अंदाज फारसा चुकत नाही. काही इलेक्ट्रॉनिक रिले आतल्या छोट्या करंट ट्रान्सफॉर्मरवर मोजतात आणि कमी फ्रिक्वेन्सीला चुकतात. असा रिले घ्यायचा तर ड्राइव्हच्या आउटपुटला चालतो असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं हवं. एमपीसीबीला अंडरव्होल्टेज कॉइल असेल तर ती ड्राइव्हच्या आउटपुटवर कधीही जोडू नका. तिला स्वच्छ ५० हर्ट्झ लागतात. ड्राइव्ह देतो ते तुकड्यातुकड्यांचं व्होल्टेज, आणि त्यावर ती कॉइल टिकत नाही.

प्रत्येक एमपीसीबीबरोबर एक सहायक संपर्क घ्या. ब्रेकर चालू असताना तो जोडलेला असावा आणि ट्रिप झाल्यावर उघडावा. असे सहाही संपर्क एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडून ड्राइव्हच्या ‘बाहेरचा दोष’ या इनपुटवर आणा. एक जरी उघडला तरी ड्राइव्ह आउटपुट बंद करतो आणि सगळी लाइन थांबते. वायर तुटली तरीही लाइन थांबते, म्हणून जोडणी उलट, म्हणजे ट्रिपवर संपर्क मिटेल अशी करू नये.

लाइन थांबवण्याची दोन कारणं आहेत. चौथा पट्टा बंद आणि तिसरा चालू राहिला, तर डाळिंबांचा ढीग जमिनीवर येतो. दुसरं कारण ड्राइव्हच्या जिवाचं आहे. ट्रिप झालेला ब्रेकर कोणीतरी लाइन चालू असतानाच खटकन वर करतो. थांबलेल्या मोटरीला त्या क्षणी एकदम पूर्ण फ्रिक्वेन्सी मिळते आणि ती सहापट, म्हणजे १०-११ अँपिअर ओढते. बाकीच्या पाच जणींचे ६ ते ९ अँपिअर चालूच असतात. १२ अँपिअरच्या ड्राइव्हला हा झटका झेपत नाही आणि तो ओव्हरकरंटवर ट्रिप होतो. हे वारंवार घडलं तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर गमावण्याची वेळ येते. नियम असा की आउटपुटकडचा कोणताही स्विच ड्राइव्ह थांबलेला असतानाच जोडायचा. पोल्ट्रीच्या शेडमधल्या पंख्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे एक पंखा बंद पडला म्हणून सगळे थांबवले तर कोंबड्यांच्या जिवावर बेतेल. अशा ठिकाणी सहायक संपर्क भोंग्याला जोडावेत, आणि बंद पडलेला पंखा ड्राइव्ह क्षणभर थांबवूनच पुन्हा जोडावा.

एक गोष्ट मात्र ओव्हरलोड रिलेलाही कळत नाही. पट्ट्याची मोटर २० हर्ट्झवर चालवली तरी माल तेवढाच ओढते, म्हणून करंट जवळजवळ तेवढाच राहतो. पण तिच्या मागचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो आणि तो मंदावतो. करंट १.७, रिले शांत, आणि मोटरीला हात लावला तर चटका! लाइन बराच वेळ २५ हर्ट्झच्या खाली चालणार असेल, तर वाइंडिंगमध्ये थर्मल स्विच बसवलेल्या मोटरी मागवा. हे स्विच बंद स्थितीत जोडलेले असतात, गरम झाले की उघडतात. म्हणून तेही वरच्याच साखळीत ओवता येतात. जुनी मोटर भरायला देतानाही कारागिराला सांगून हा स्विच आत बसवून घेता येतो.

इथपर्यंतचं सगळं त्या पॅकहाऊसमध्ये पटलं. मी मोजमापं देऊन परत आलो आणि काम तिथल्या वायरमनने केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. आता मोटर जळत नव्हती, पण लाइनच सुरू होत नव्हती. बटण दाबलं की ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप, तेही पट्टे रिकामे असताना.

जाऊन पाहिलं तर सहा एमपीसीबी पॅनेलमध्येच ओळीने बसवले होते, आणि तिथून सहा मोटरींना सहा स्वतंत्र आर्मर्ड केबली गेल्या होत्या. दिसायला सुबक काम. लांबी १२, १८, २४, ३०, ३६ आणि ४२ मीटर. एकूण १६२. त्या ड्राइव्हच्या पुस्तकात मर्यादा होती आर्मर्ड किंवा शील्ड केबलला ५० मीटर आणि साध्या केबलला १०० मीटर. ‘सगळ्यात लांब केबल ४२ मीटरच आहे की,’ वायरमन म्हणाला. बहुतेक जण असंच मोजतात. पण एका ड्राइव्हवर अनेक मोटरी असल्या की त्या मर्यादेशी सगळ्या केबलींची बेरीज ताडून पाहायची असते.

याचं कारण केबलच्या आत आहे. दोन तारा शेजारी शेजारी गेल्या की त्यांच्यात आणि जमिनीशी जोडलेल्या आर्मरमध्ये एक छोटा कपॅसिटर आपोआप तयार होतो. ५० हर्ट्झच्या साध्या पुरवठ्यावर तो जाणवतही नाही. ड्राइव्ह मात्र सेकंदाला हजारो वेळा सुमारे ५६० ते ५९० व्होल्टचे चौकोनी ठोके सोडतो, आणि प्रत्येक ठोक्याला हा कपॅसिटर भरावा लागतो. तो करंट मोटरीच्या काही कामाचा नसतो, पण पुरवावा ड्राइव्हलाच लागतो. ५५ किलोवॅटच्या ड्राइव्हला दोन-तीन अँपिअर कळणारही नाहीत. साडेपाचच्या ड्राइव्हची बरीचशी क्षमता त्यातच जाते. त्यातून सहा केबली ड्राइव्हच्या टोकापासूनच फुटल्या असतील, तर प्रत्येक ठोक्याला सहा तोंडं एकदम उघडतात आणि क्षणभराचा करंट एका केबलच्या सहापट होतो. ड्राइव्हची ओव्हरकरंट ट्रिप याच क्षणभराच्या टोकाला लागते.

दोष खरंच केबलचा आहे का, हे तपासायची सोपी रीत आहे. ड्राइव्ह बंद करा. त्याच्या पाटीवर लिहिलेली पाच-दहा मिनिटं थांबा, कारण आतले कपॅसिटर भरलेले असतात. मग सहाही मोटरी त्यांच्या पेटीत केबलपासून सोडवा, तारांची टोकं टेपने सुरक्षित करा आणि केबली ड्राइव्हला तशाच जोडलेल्या ठेवून तो चालवा. आउटपुट फेज तुटल्याची सूचना येत असेल तर ती या चाचणीपुरती बंद करून नंतर आठवणीने चालू करा. मोटर एकही नाही, तरी ट्रिप होतो? मग दोष केबलकडे आहे. एकेक केबल ड्राइव्हकडून सोडवत गेल्यावर कुठे ट्रिप थांबते तेही कळतं. तिथे चौथी केबल सोडवल्यावर ड्राइव्ह सुरळीत चालला. इथे एक इशारा. केबलला मेगर लावायचा असेल तर ती आधी दोन्ही टोकांना सोडवा. मेगरचे ५०० किंवा १००० व्होल्ट ड्राइव्हच्या आउटपुटला गेले तर तो तिथेच संपतो.

उपाय म्हणून आम्ही एमपीसीबी पॅनेलमधून उचलून लाइनच्या मध्यावर, धूळ आणि पाण्यापासून बंद अशा पत्र्याच्या पेटीत नेले. ड्राइव्हपासून त्या पेटीपर्यंत एकच चार कोरची २.५ चौरस मिलिमीटरची केबल, २७ मीटर. तिथून मोटरींना १.५ चौरस मिलिमीटरच्या फांद्या: ३, ३, ९, ९, १५ आणि १५ मीटर. एकूण ८१ मीटर. आर्मर्डऐवजी साधी केबल धातूच्या नळीतून न नेता उघड्या ट्रेवरून नेली, म्हणून १०० ची मर्यादा लागू झाली. ड्राइव्हच्या तोंडाशी आता एकच केबल होती. आणखी एक फायदा असा झाला की प्रत्येक एमपीसीबीमधून फक्त त्याच्या छोट्या फांदीचा केबल करंट जाऊ लागला. आधी ४२ मीटरच्या केबलचा फुकटचा करंट १.८ वर लावलेल्या रिलेला तापवत होता. ‘उगाच ट्रिप होतो’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते. डायल वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. सहायक संपर्कांची परतीची वायर शील्डची घेऊन पॉवर केबलपासून वीतभर दूर, वेगळ्या मार्गाने आणली.

पण केबलची आणखी एक मर्यादा असते, आणि ती या बदलाने सुधारली नाही, उलट थोडी बिघडली. ड्राइव्हचा ठोका फार झपाट्याने चढतो. तो केबलमधून मोटरीपर्यंत पोहोचतो आणि भिंतीवर आदळलेल्या लाटेसारखा परततो. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढून मोटरीच्या टोकाशी व्होल्टेज जवळजवळ दुप्पट, ११०० च्या पुढे जाऊ शकतं. आजकालच्या ड्राइव्हच्या चढीला यासाठी १०-१५ मीटरची केबलही पुरते, आणि मोटर जितकी छोटी तितकी लाट पुरी परतते. इथे लांबी मोजायची ती ड्राइव्हपासून त्या त्या मोटरीपर्यंतची. पहिली मोटर आधी १२ मीटरवर होती. आता २७ जाऊन १५ परत, म्हणजे तीही ४२ मीटरवर गेली. या त्रासाने जळलेली मोटर ओळखता येते. वाइंडिंग बहुतेक ठिकाणी स्वच्छ, आणि फेजच्या सुरुवातीच्या वेढ्यांत किंवा दोन फेज जिथे टेकतात तिथे एकच काळा ठिपका.

म्हणून ड्राइव्हच्या आउटपुटवर, मुख्य केबल निघण्याआधी, १६ अँपिअरचा आउटपुट चोक बसवला. तो ठोक्याची चढ मंदावतो आणि केबल भरण्याचा क्षणिक करंटही दाबतो. सगळ्यांना मिळून एकच चोक पुरतो, पण त्याची जागा ड्राइव्हजवळच. मोटरी ड्राइव्हसाठीच्या इन्सुलेशनच्या असतील तर उत्तम. जुन्या असतील आणि भरायला द्यायच्या असतील, तर दुहेरी इनॅमलची तार, फेजांच्या मध्ये कागद आणि भट्टीत नीट सुकवलेलं व्हार्निश, या तीन गोष्टी कारागिराकडून आधीच ठरवून घ्या. छोट्या मोटरींत जागा कमी म्हणून मधला कागद सर्रास गाळला जातो. आणि मोटरीच्या जवळ कोणी पूर्वी पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर लावून ठेवला असेल तर तो आधी काढा. ड्राइव्हच्या आउटपुटवर तो कुठेही चालत नाही.

ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जास्त काही नाही, पण जे आहे ते चुकवू नये. कंट्रोल साधा व्ही बाय एफ ठेवा. व्हेक्टर आणि ऑटोट्यूनिंग एकाच मोटरीचं मोजमाप घेऊन चालतात, सहा जणींची सरासरी काढून त्यांचं गणित जमत नाही. स्लिप भरपाई शून्य. मोटरीचा करंट म्हणून सहांची बेरीज, १०.८. याने एकेक मोटर वाचत नाही, मुख्य केबल आणि ड्राइव्ह वाचतो. कॅरिअर फ्रिक्वेन्सी तिथे १२ किलोहर्ट्झ होती, ती ४ केली. ठोके तिपटीने कमी झाले, केबलचा करंट त्या मानाने उतरला. मोटरींचा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज वाढला, पण पॅकहाऊसच्या गोंगाटात तो कोणाला जाणवला नाही. सुरुवातीचा वेग चढायला १० सेकंद दिले. दोषानंतर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद केली, कारण अडकलेल्या पट्ट्यात हात घालणाऱ्या माणसाला ती माफ करत नाही.

लाइन हाती देण्याआधी दोन कामं केली. पहिलं, लाइन चालू असताना प्रत्येक एमपीसीबीवरचं चाचणीचं बटण दाबून पाहिलं. सहाही वेळा ड्राइव्ह थांबला पाहिजे आणि ‘बाहेरचा दोष’ दिसला पाहिजे. चौथ्या वेळी तो थांबला नाही. सहायक संपर्काची एक वायर शेजारच्या टोकाला लागली होती. दुसरं, ड्राइव्ह ५० हर्ट्झवर ठेवून, रिकाम्या आणि भरलेल्या पट्ट्यांवर, प्रत्येक मोटरीचा करंट ट्रू आरएमएस टाँग टेस्टरने पेटीतच मोजला. ५० हर्ट्झवर यासाठी की पुष्कळ टाँग टेस्टर कमी फ्रिक्वेन्सीला खोटं सांगतात. बारा आकडे एका कागदावर लिहून पेटीच्या दारावर आतून चिकटवले. खाली ठळक अक्षरात: ‘आधी लाइन थांबवा, मग स्विच वर करा.’

तिथला फोरमन आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते आकडे पुन्हा मोजतो. मध्यंतरी दुसऱ्या पट्ट्याच्या मोटरीचा करंट १.२ वरून १.५ झालेला त्याला दिसला. काहीच ट्रिप झालेलं नव्हतं. त्याने ड्रम उघडला, पाणी शिरून गंजलेलं बेअरिंग बदललं आणि दुपारच्या पाळीच्या आधी पट्टा परत चढवला.